प्रश्नपत्रिकेचे भाषांतर : आशय आणि स्थान

भाषांतराची समीक्षा करताना आपण बहुधा शब्द, वाक्यरचना आणि आशय यांचा विचार करतो. मजकूर पानावर कोठे उभा आहे, हा प्रश्न आपल्यापुढे क्वचितच येतो. कवितेच्या ओळींपुरता आला तर येतो. प्रश्नपत्रिका मात्र असा लेखनप्रकार आहे की ज्यात अर्थाचा मोठा भाग स्थानातच साठवलेला असतो. अलीकडे प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आलेल्या एका भाषांतराच्या आधारे या गोष्टीचा येथे विचार करावयाचा आहे.

प्रसंग साधा आहे. मराठी माध्यमात नववीत शिकणाऱ्या एका मुलाला इंग्रजी माध्यमाच्या शाळेतील मित्राने विज्ञानाच्या सराव-प्रश्नपत्रिकेची छायाचित्रे भ्रमणध्वनीवर पाठविली आणि सोबत उत्तरसूचीही दिली. मुलाच्या चुलतभावाने, म्हणजे आमच्याच एका पदव्युत्तर विद्यार्थ्याने, तिचे मराठी भाषांतर करून दिले. भाषांतराची भाषा स्वच्छ आहे, परिभाषा पाठ्यपुस्तकातील आहे, आणि कोठेही इंग्रजी वाक्याची सावली पडलेली नाही. तरीही पहिल्या पाच बहुपर्यायी प्रश्नांत मुलाला पाचांपैकी दोनच गुण पडले. आपला अभ्यास कच्चा आहे असे समजून त्याने ते दोन्ही धडे पुन्हा वाचावयास घेतले. वस्तुतः त्याची पाचही उत्तरे बरोबर होती.

दोष कोठे होता हे उत्तरसूचीवरून उलगडते. पाच प्रश्नांची उत्तरे सूचीत अनुक्रमे बी, ए, सी, डी, बी अशी होती. मुलाची चुकलेली तीन उत्तरे म्हणजे नेमकी ज्यांचे अक्षर बी किंवा सी होते ती. ए आणि डी सुटली. अज्ञानाने होणाऱ्या चुका इतक्या शिस्तीने होत नाहीत. मूळ पत्रिकेत चार पर्याय दोन ओळींत छापलेले होते : वर ए आणि बी, खाली सी आणि डी. छायाचित्र किंचित तिरपे होते आणि पर्यायांमधील मोकळी जागा रुंद होती. त्यामुळे भाषांतरकाराची नजर आडवी न जाता उभी उतरली. प्रथम डावीकडील दोन पर्याय, मग उजवीकडील दोन, असे त्याने उतरवून घेतले, मूळ अक्षरे गाळली आणि त्यांना नव्याने अ, ब, क, ड अशी अक्षरे दिली. परिणामी मूळचा सी हा ब झाला आणि बी हा क झाला. एकाही शब्दाचे भाषांतर चुकलेले नाही. चुकले ते पत्ते.

येथे पर्यायाक्षर म्हणजे काय, हे स्पष्ट केले पाहिजे. ते क्रमाचे चिन्ह नाही, नाव आहे. उत्तरसूची, उत्तरपत्रिका आणि परीक्षक तिघेही त्या नावानेच पर्यायाला हाक मारतात. विशेषनामाचे भाषांतर करू नये हा नियम आपण विद्यार्थ्यांना शिकवितो. तोच नियम येथे लागू होतो. मूळ पत्रिकेत रोमन अक्षरे असतील तर मराठी पानावरही तीच ठेवावीत. त्यांच्या जागी देवनागरी अक्षरे घालण्याचा मोह अनाठायी आहे, आणि त्यात एक जास्तीचा धोकाही आहे : मराठी परिपाठात क हे तिसरे अक्षर, तर हिंदी पत्रिकांच्या क, ख, ग, घ या परिपाठात तेच पहिले. जोड्या लावा या प्रश्नात, किंवा ‘ए आणि सी दोन्ही’ अशा पर्यायात, पत्रिका स्वतःच स्वतःच्या अक्षरांचा उल्लेख करते. तेथे एक अक्षर बदलले की सगळे उल्लेख शोधून बदलावे लागतात.

स्थानाचा दुसरा प्रश्न व्याकरणातून उद्भवतो, आणि भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाला तो अधिक रंजक वाटावा. इंग्रजी अपूर्ण विधानात रिकामी जागा शेवटी येते आणि पर्याय तिला येऊन चिकटतो. मराठीत क्रियापद शेवटी असल्यामुळे रिकामी जागा वाक्याच्या पोटात शिरते, आणि तिच्या शेजारचे शब्द लिंगवचनाने बोलू लागतात. आमच्या भाषांतरकाराने एक प्रश्न असा लिहिला : ‘सामान्य तापमानाला द्रवरूप असणारा धातू ____ हा होय.’ पर्याय होते सोडिअम, पारा, जस्त आणि चांदी. ‘चांदी हा होय’ आणि ‘जस्त हा होय’ हे मराठी कानाला खटकते. सोडिअमचे लिंग पक्के नसल्याने तो पर्याय कसाबसा तग धरतो. पारा मात्र निमूटपणे जागेवर बसतो. रसायनशास्त्राचे अक्षरही न वाचता चारांतील दोन पर्याय गळून पडतात. इंग्रजी वाक्याने हे गुपित फोडलेले नव्हते. ‘सामान्य तापमानाला कोणता धातू द्रवरूप असतो?’ अशी रचना केली असती तर चारही पर्याय समान अंतरावर राहिले असते. रिकाम्या जागेच्या जवळ दर्शक सर्वनाम किंवा विकारी विशेषण येऊ न देणे, एवढाच याचा उपाय.

परिभाषेच्या बाबतीत मात्र इतका सोपा उपाय नाही. वनस्पतीत पाणी वाहून नेणारी ऊती कोणती, असा एक प्रश्न पत्रिकेत होता. इंग्रजीतील ‘झायलम’ हा शब्द विद्यार्थ्याला काहीच सांगत नाही. आमच्या पाठ्यपुस्तकातील ‘जलवाहिनी’ हा शब्द सर्व काही सांगतो. प्रश्नातच उत्तर आहे. भाषांतरकाराने जलवाहिनी हाच शब्द वापरला, आणि तो मला योग्य वाटतो, कारण मुलाने शिकलेला आणि त्याच्या परीक्षेत येणारा शब्द तोच आहे. ‘झायलम’ लिहिले असते तर विज्ञानाऐवजी त्याच्या इंग्रजीची परीक्षा झाली असती. पण हा प्रश्न कसोटी म्हणून मराठीत टिकत नाही, हे मान्य करावे, आणि मुलाला तसे सांगावे.

आता गुणांविषयी. पत्रिका चाळीस गुणांची होती. छायाचित्राच्या दुसऱ्या पानाची उजवी कड कापली गेली होती आणि तिच्याबरोबर तिसऱ्या प्रश्नाचे गुणही गेले होते. ‘कोणतेही पाच सोडवा’ एवढेच शिल्लक होते. भाषांतरकाराने वरच्या प्रश्नाच्या नमुन्यावरून प्रत्येकी दोन गुण लिहिले. बेरीज केली असती तर चूक लगेच दिसली असती. पहिल्या प्रश्नाचे दोन भाग मिळून दहा, दुसऱ्याचे चार आणि सहा, तिसऱ्याचे या हिशेबाने दहा, चौथ्याचे पाच, एकूण पस्तीस. उरलेले पाच गुण पाच उपप्रश्नांवर वाटले की प्रत्येकी तीन येतात, आणि बेरीज चाळीस होते. हा फरक क्षुल्लक नाही. दोन गुणांसाठी मुलगा दोन मुद्दे लिहितो आणि थांबतो. तिसऱ्या मुद्द्याची सवय त्याला लागत नाही. ‘कोणतेही’ हा शब्द गाळला असता तरी बेरीज अशीच बिघडली असती, मात्र तेव्हा ती चाळिसाच्या वर गेली असती.

यावरून कामाचा क्रम ठरतो. भाषांतराला हात घालण्यापूर्वी कोऱ्या पानावर केवळ सांगाडा उतरवावा : प्रश्नक्रमांक, उपक्रमांक, पर्यायांची मूळ अक्षरे, कडेचे गुण, ‘किंवा’ आणि ‘कोणतेही’. गुणांची बेरीज शीर्षकातील एकूण गुणांशी जुळवावी. प्रत्येक बहुपर्यायी प्रश्नाखाली चार रिकाम्या ओळी आहेत हे पाहावे. जेथे छायाचित्रात काही दिसत नाही तेथे अंदाज न करता जागा रिकामी ठेवून मित्राकडून त्या पानाचे दुसरे छायाचित्र मागवावे. त्यानंतरच त्या रिकाम्या जागांत मराठी भरावी.

आमच्या विद्यार्थ्याने अशा रीतीने ती पत्रिका पुन्हा उतरविली, तेव्हा त्याला आणखी एक गोष्ट आढळली. चौथ्या प्रश्नातील ‘किंवा’ हा शब्द पहिल्या भाषांतरात पानाच्या तळाशी राहून गेला होता, आणि मुलाने दोन्ही दीर्घ उत्तरे लिहून काढली होती.