बागेत निजले होते कोण?

‘हॅम्लेट’च्या पहिल्या अंकातील पाचव्या प्रवेशात मृत राजाचे भूत आपल्या मुलाला सांगते, की मी बागेत निजलो असता मला सर्पाने दंश केला, अशी आवई लोकांत उठवून दिली आहे. मराठीत यात काही खटकत नाही. मूळ इंग्रजीत मात्र आधी ‘स्लीपिंग’ हे धातुसाधित येते आणि त्यापाठोपाठ कर्ता म्हणून येतो तो सर्प. व्याकरण काटेकोर लावले, तर निजला होता तो सर्पच! इंग्रज वैयाकरण याला ‘डँगलिंग’, म्हणजे लोंबकळते धातुसाधित म्हणतात. मी शेक्सपिअरला त्याबद्दल दोष देणार नाही. प्रसंगच इतका स्पष्ट आहे, की निजलेला राजाच, हे कोणाही प्रेक्षकाला सांगावे लागत नाही.

शाळेच्या पुस्तकांतली रस्त्याने चालणारी झाडेही अशीच निरुपद्रवी. वाचणारा हसतो आणि चूक सापडते. मला भय वाटते ते हसू न आणणाऱ्या वाक्याचे. हे पाहा: ‘आफ्टर एक्झामिनिंग द अकाउंट्स, द सेक्रेटरी वॉज आस्क्ड बाय द ऑडिटर टु रिझाइन.’ किती गुळगुळीत! लिहिणाराला म्हणायचे आहे, की हिशेब ऑडिटरने तपासले आणि मग चिटणिसाचा राजीनामा मागितला. पण स्वल्पविरामानंतर कर्ता म्हणून उभा आहे चिटणीस, तेव्हा हिशेब तपासल्याचे काम त्याच्याच नावावर जमा होते. चिटणीसही हिशेब तपासतोच, त्यामुळे वाचणाराला शंकासुद्धा येत नाही. उद्या तंटा उभा राहिला, तर हेच वाक्य दोन्ही पक्ष आपापल्या बाजूने वाचतील.

येथे घात केला तो कर्मणी प्रयोगाने. खरा कर्ता ‘बाय’च्या मागे जाऊन बसला. त्याला पुढे आणून ‘द ऑडिटर आस्क्ड द सेक्रेटरी’ असे लिहिले, की वाक्य ताळ्यावर येते. पारख सोपी आहे: आरंभीच्या धातुसाधिताला ‘कोण?’ असे विचारावे आणि स्वल्पविरामानंतरचे पहिले नाम उत्तर म्हणून चालते का, ते पाहावे. मात्र ‘कन्सिडरिंग’सारखे काही शब्द रुळून जवळजवळ अव्ययेच बनले आहेत, त्यांना हा प्रश्न विचारणे हा निव्वळ छळ होय.

आपल्या मराठीत ‘घरी पोचून पाऊस लागला’ असे कोणी म्हणत नाही; ‘ऊन’ला सहसा तोच कर्ता लागतो, आणि कर्ता निराळा असेल तर आपण ‘पोचल्यावर’ म्हणतो. ही सोय इंग्रजीत प्रत्ययात नाही, तिथे सारी भिस्त शब्दांच्या जागेवर. पण म्हणून आपण फार ऐटीत राहू नये. ‘मी त्याला देवळातून बाहेर पडताना पाहिले.’ बाहेर पडत होते कोण, मी की तो? इंग्रजीत ‘कमिंग आउट’ हे शब्द ‘आय’च्या आधी ठेवले तर मी, आणि ‘हिम’च्या मागे ठेवले तर बहुधा तो.