दहा मिनिटांच्या बेंचमार्कमध्ये काय दिसत नाही?

‘एलएसएम-ट्री बी-ट्रीपेक्षा कमी लिहिते’ हे वाक्य तुम्ही बऱ्याच पेपरांत वाचाल. ते अर्धंच खरं आहे. इनोडीबीचं पान 16 किलोबाइटचं. त्यातली 100 बाइटची एकच ओळ बदलून पान डिस्कवर गेलं, तर लेखन सुमारे 160 पट. डबलराइट धरला तर 320 पट. पण त्याच पानातल्या 40 ओळी मेमरीतच बदलून मग ते एकदा लिहिलं, तर 8 पटच.

उलट रॉक्सडीबीत कॉम्पॅक्शन तोच डेटा पातळीगणिक पुन्हा लिहितं. दहा मिनिटांच्या चाचणीत हा खर्च पुरता दिसतच नाही. वाचनातही ब्लूम फिल्टर एका कीच्या शोधाला वाचवतो; साध्या रेंज स्कॅनला मात्र प्रत्येक पातळी चाळावी लागते.

म्हणून आलेख पाहिला की आधी विचारा: कीज किती विखुरलेल्या होत्या? आणि कॉम्पॅक्शन स्थिरावल्यावर मोजलंय का?