प्रमाणित गुणांक: महत्त्व कोणाचे, गुणधर्माचे की नमुन्याचे?

जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाचे जे.एस. ३३५ हे सोयाबीनचे वाण विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहे. असे वाण निवडताना एक प्रश्न येतो: झाडाचे उत्पन्न शेंगांच्या संख्येवर जास्त अवलंबून आहे की शंभर दाण्यांच्या वजनावर? एक चल नगांत मोजतात, दुसरे ग्रॅममध्ये. त्यामुळे त्यांच्या समाश्रयण गुणांकांची थेट तुलना करता येत नाही.

यावर रूढ उपाय म्हणजे गुणांक प्रमाणित करणे:

β = b × (s_x / s_y)

येथे b हा मूळ गुणांक, s_x हे त्या चलाचे आणि s_y हे उत्पन्नाचे प्रमाण विचलन. सुअल राइट यांचे पाथ गुणांक हे असेच प्रमाणित गुणांक आहेत. पीक-प्रजननाच्या अभ्यासांत ते नेहमी दिसतात, आणि ज्याचा β मोठा तो गुणधर्म महत्त्वाचा, असा निष्कर्ष काढला जातो. आक्षेप या निष्कर्षावर आहे.

एक काल्पनिक उदाहरण सोडवून पाहू. एक शेंग वाढली की उत्पन्न ०.२ ग्रॅमने वाढते, आणि शंभर दाण्यांचे वजन एक ग्रॅमने वाढले की ०.८ ग्रॅमने. दोन्ही चलांत सहसंबंध नाही असे समजू. पहिल्या चाचणीत विविध वाण आहेत. प्रमाण विचलन शेंगांचे १२, दाण्यांच्या वजनाचे २ आणि उत्पन्नाचे ४. म्हणून शेंगांचा β = ०.२ × १२ / ४ = ०.६ आणि दाण्यांच्या वजनाचा ०.८ × २ / ४ = ०.४. येथे शेंगा पुढे आहेत.

दुसऱ्या चाचणीत शेंगांच्या बाबतीत एकमेकांसारखेच वाण घेतले. शेंगांचे प्रमाण विचलन ४ झाले. मूळ गुणांक, दाण्यांच्या वजनाचे विचलन आणि त्रुटीचे प्रचरण तेच राहिले. उत्पन्नाचे प्रमाण विचलन आता सुमारे ३.३ येते. शेंगांचा β ०.२४ आणि दाण्यांच्या वजनाचा ०.४९ होतो. क्रम उलटला, पण झाडात काहीच बदलले नाही. बदलली ती वाणांची निवड.

म्हणजे β मध्ये दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: चलाचा परिणाम आणि त्या नमुन्यातील त्याचा पसारा. जॉन टुकी यांनी १९५४ मध्ये मूळ गुणांकांचाच पुरस्कार केला. राइट यांनी १९६० मध्ये दोन्ही गुणांक परस्परपूरक असल्याची बाजू मांडली. ती मान्य केली, तरी दोन्हींची कामे वेगळी राहतात. या नमुन्यातील फरक कशामुळे पडला हे सांगायला β उपयोगी आहे. दोन चाचण्यांची तुलना मात्र b वरून करावी.

म्हणून एखाद्या प्रबंधात फक्त β चा तक्ता दिसला, तर आधी प्रमाण विचलने शोधा. ती दिलेली नसतील, तर त्या क्रमवारीवरून वाण निवडू नये.