निकाल म्हणजे कार्यकाळ नव्हे: बारामतीच्या दोन नोंदी

राजकीय नेत्यांवर काम करणारे आपण बहुतेक जण सुरुवात एकाच ठिकाणाहून करतो: भारत निवडणूक आयोगाचे सार्वत्रिक निवडणुकांचे सांख्यिकी अहवाल. विजेत्याचं नाव घ्यायचं, मतदारसंघ घ्यायचा आणि पुढच्या निवडणुकीपर्यंतची वर्षं त्याच्या नावावर लावायची. अनेक तक्ते असेच तयार होतात. माझा आक्षेप अहवालावर नाही, या शेवटच्या पायरीवर आहे. अहवाल एका निवडणुकीचा निकाल सांगतो. त्या जागेवर नंतर कोण बसलं, हे तो सांगत नाही.

बारामती घेऊ. १९९० च्या विधानसभा अहवालात बारामतीचे विजेते शरद पवार आहेत. १९९१ च्या लोकसभा अहवालात बारामतीचे विजेते अजित पवार. वरच्या पद्धतीने तक्ता भरला तर १९९५ पर्यंत शरद पवार आमदार आणि १९९६ पर्यंत अजित पवार खासदार असं दिसेल. प्रत्यक्षात १९९१ सरायच्या आत नेमकं उलटं झालं होतं. जून १९९१ मध्ये शरद पवार केंद्रात संरक्षणमंत्री झाले. अजित पवारांनी लोकसभेची जागा सोडली, त्या पोटनिवडणुकीतून काका लोकसभेत गेले आणि विधानसभेच्या पोटनिवडणुकीतून पुतणे आमदार झाले. दोन्ही अहवाल बरोबर आहेत, पण त्यांच्यावरून भरलेल्या दोन्ही ओळी चुकीच्या.

इथे पक्ष एकच असल्याने विश्लेषणात ही चूक लपून राहते. १९८४ च्या बाबतीत ती लपत नाही. त्या वर्षी शरद पवार समाजवादी काँग्रेसकडून बारामतीतून लोकसभेवर निवडून आले. १९८५ मध्ये ते विधानसभेवर गेले आणि पोटनिवडणुकीत जनता पक्षाचे संभाजीराव काकडे खासदार झाले. म्हणजे १९८४ ते १९८९ ही वर्षं एका ओळीत लिहिली, तर माणूस आणि पक्ष दोन्ही चुकतात, तेही जवळजवळ पूर्ण मुदतीसाठी. ‘खासदाराच्या पक्षाचा मतदारसंघावर परिणाम’ असं काही मोजत असाल, तर हा आकडा थेट निष्कर्षात शिरतो.

मग तपासायचं कसं? पहिली खूण कायद्यातच आहे. सभागृहाचा सदस्य नसलेली व्यक्ती मंत्री झाली, तर सहा महिन्यांच्या आत तिला सदस्य व्हावं लागतं (केंद्रासाठी अनुच्छेद ७५(५), राज्यासाठी १६४(४)). तुमच्या तक्त्यात एखादा मंत्री त्या काळात संबंधित सभागृहात दिसत नसेल, तर कुठेतरी पोटनिवडणूक, राज्यसभा किंवा विधान परिषद सुटली आहे असं समजा. १९९१ चा घोटाळा या एकाच प्रश्नाने पकडता येतो: संरक्षणमंत्री आहेत, मग खासदार कुठून? दुसरी खूण: एकच व्यक्ती एकाच वेळी आमदार आणि खासदार दिसणं. १९५० च्या नियमांनुसार अशा व्यक्तीला राज्यातली जागा सोडायला राजपत्रातल्या प्रसिद्धीपासून चौदा दिवस मिळतात, नाहीतर संसदेतली जागा जाते. त्यामुळे तक्त्यात असं दुहेरी सदस्यत्व काही महिने चालताना दिसलं, तर चूक तक्त्याची आहे.

खूण सापडली की आयोगाची पोटनिवडणुकांची माहिती वेगळी उघडावी लागते, कारण ती सार्वत्रिक अहवालात नसते. तारखांसाठी राजपत्राकडे जायचं. पण तिथेही कोणती तारीख घेताय ते बघा. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ६७क नुसार निवडून आल्याची तारीख म्हणजे निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने निकाल जाहीर केला तो दिवस. अधिसूचना राजपत्रात छापली जाते ती तारीख वेगळी असू शकते. मंत्रिपदाचंही तसंच आहे, शपथ एका दिवशी आणि खातेवाटपाची अधिसूचना नंतर, असं होऊ शकतं. म्हणून तक्त्यात ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ या दोन रकान्यांशेजारी ‘ही तारीख कशाची’ हा तिसरा रकाना ठेवा.

जागा रिकामी असण्याचा काळही नोंदवा. सहा महिन्यांत पोटनिवडणूक घेण्याचं बंधन घालणारं कलम १५१क कायद्यात १९९६ मध्ये आलं. त्याआधी जागा जास्त काळ रिकामी राहू शकत होती. शरद पवार मार्च १९९३ मध्ये मुख्यमंत्री म्हणून राज्यात परतले, आणि बारामतीला पुढचे खासदार, बापूसाहेब थिटे, १९९४ च्या पोटनिवडणुकीत मिळाले. जागा रिकामी झाल्यापासून या पोटनिवडणुकीपर्यंत या जागेसमोर कोणाचंही नाव लिहिता येत नाही. तो रकाना मोकळा ठेवणं हेच तिथे बरोबर उत्तर आहे.