सात फरक शोधा

बँकेतल्या माणसाला घरी तरी फरक शोधायला लावू नये. दिवसभर आम्ही दुसरं काय करतो? स्लिपवरची सही आणि स्क्रीनवरची नमुना सही, दोन्हींकडे आळीपाळीनं बघतो. पण लेकीनं माझ्या मोबाइलमध्ये 'जून्स जर्नी' नावाचा खेळ घातला, आणि परभणीच्या मे महिन्यातल्या माझ्या रविवारच्या झोपेचं वाटोळं झालं.

बर्लिनच्या वूगा कंपनीनं २०१७ साली काढलेला हा खेळ. १९२० च्या जमान्यातली जून पार्कर नावाची बाई बहिणीच्या मृत्यूचा तपास करते. आपण करायचं ते एवढंच, की दिवाणखान्याच्या चित्रात दडलेल्या वस्तू शोधायच्या. हा दिवाणखाना बघून सौ. म्हणाली, "यापेक्षा आपला माळा शोधा, त्यात माझी पुरणाची चाळणी हरवलीय."

मी आधी समजत होतो, की चित्रकार एक चित्र काढतो आणि वस्तू इकडेतिकडे फेकतो. तसं नाही. रिकामी खोली वेगळी रंगवतात आणि वस्तू वेगवेगळ्या तुकड्यांत तिच्यावर ठेवतात. लागतात त्यापेक्षा वस्तू पुष्कळ जास्त असतात. दर खेपेला त्यांतल्या थोड्याच यादीत येतात. म्हणून तीच खोली दहा वेळा खपवता येते. आमच्याकडे जुन्या कर्जाचं नवं-जुनं करतात, त्यातलाच प्रकार!

लपवण्याच्याही रीती ठरलेल्या आहेत. तपकिरी व्हायोलिन तपकिरी कपाटाला टेकवायचं, हा रंगाचा मेळ. छत्री पडद्यामागे अर्धी सरकवायची, पण मूठ बाहेर ठेवायची, म्हणजे ओळख पटते. सुरी फ्रेमच्या कडेला समांतर लावायची, म्हणजे ती फ्रेमचाच भाग वाटते. हे सारे सभ्य मार्ग. काळोख्या कोपऱ्यात काळं मांजर बसवणं हा मात्र असभ्य. आणि यादीतल्या शब्दानं फसवणं त्याहून असभ्य. इंग्रजी यादीत 'बो' असं आलं. मी कॉमर्सचा पदवीधर. धनुष्य शोधत वीस मिनिटं घालवली. निघाली केसांची फीत! मराठीत कुणी असा खेळ काढला आणि यादीत 'पान' लिहिलं, तर पिंपळाचं, वहीचं की गोविंद विड्याचं, हे खेळणाऱ्यानं कुणाला विचारावं? नावाऐवजी वस्तूची काळी आकृती दिली, की हा तंटा मिटतो.

अडलं, की इशाऱ्याचं बटण. ते दाबलं, की एखाद्या वस्तूभोवती चमचम होते. बहुतेक खेळांत ते बटण पुन्हा भरायला थोडा वेळ लागतो, नाहीतर माणूस खेळणार नाही, बटणच दाबत बसेल. भराभरा कुठेही बोटं मारली, तर दंड होतो, तोही याचसाठी. पण फुकटच्या खेळांत इशारे विकत मिळू लागले, तिथे माझ्यातला ऑडिटर जागा झाला. दिवा विकणाऱ्यालाच खोलीत अंधार करण्याचा अधिकार असेल, तर अंधार वाढणारच. खेळ प्रामाणिक आहे की नाही, याची माझी कसोटी सोपी आहे. इशाऱ्यानंतर तुम्ही "अरेच्चा, हे तर समोरच होतं!" म्हणालात, तर प्रामाणिक. इशाऱ्यानंतरही ती वस्तू काय आहे ते कळलं नाही, तर पैसे परत मागावेत.

'सात फरक शोधा' या प्रकारात चित्र एकच, त्याची नक्कल करून बदल करतात: एक बटण काढायचं, मांजराची शेपटी वळवायची, फुलं चाराची पाच करायची. बदल चित्रभर पसरायचे. एकाच कोपऱ्यात दाटले, तर मजा गेली. यावर एक तोड आहे. जोडचित्रं शेजारी शेजारी असली, तर डोळे तिरळे करून ती एकमेकांवर आणायची; जिथे फरक असतो तिथे चित्र लुकलुकतं. मी ही विद्या काउंटरवर सह्यांवर वापरून पाहिली. मॅनेजरसाहेबांनी तब्येतीची चौकशी केली.

याच विद्येच्या तोऱ्यात मी जिंतूरकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची पैसे काढायची स्लिप परत केली. नमुन्याशी ताडून मी चांगले सात फरक काढले होते: वेलांटी आखूड, शिरोरेघ तुटलेली, सगळी अक्षरं नागमोडी. त्यांनी पुन्हा सही केली, फरक नऊ झाले. मग ते पासबुकावरचा फोटो दाखवून म्हणाले, "साहेब, हात कापतोय. माणूस तोच हाय."

शेजारच्या जुन्या सहकाऱ्यानं दोन्ही सह्या पाहिल्या. म्हणाला, "फरक मोजू नका. 'र' कुठून सुरू होतो, शेवटचा फराटा कुठे वळतो, ते बघा." ते तंतोतंत तसंच होतं. पासबुक, फोटो, ओळखपत्र सगळं जुळत होतं. पैसे दिले, नवी नमुना सहीही घेतली.

खेळातला प्रत्येक फरक कुणीतरी मुद्दाम केलेला असतो, आणि किती आहेत तेही वर छापलेलं असतं. काउंटरवर आकडा छापलेला नसतो, आणि बरेचसे फरक वयानं केलेले असतात. इशारा मात्र त्या दिवशी मला फुकट मिळाला. तोही समोरच होता, खिडकीच्या पलीकडे, टोपी हातात घेऊन उभा.