संथ कॅशियर आणि आपल्या कथांमधले काका

ऑक्टोबर 2016 मध्ये फेसबुकवर एक व्हिडिओ फिरला होता. पुण्यातल्या बँक ऑफ महाराष्ट्रच्या काउंटरवर एक वयस्कर कॅशियरबाई अतिशय सावकाश काम करताहेत आणि समोरच्या कुणीतरी ते मोबाइलवर टिपलं आहे. जगातली सर्वात संथ कॅशियर, असं म्हणत लोकांनी तो लाखो वेळा पाहिला. त्याच वर्षी ‘झूटोपिया’ हा सिनेमा आला होता आणि त्यातला सरकारी खिडकीवरचा स्लॉथ सगळ्यांना पाठ होता. हसायचं कसं हे आधीच ठरलेलं होतं.

काही दिवसांत एक दुसरी पोस्ट आली. तिच्यात लिहिलं होतं की या बाईंना दोन हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचा झटका येऊन गेला आहे, फेब्रुवारी 2017 मध्ये त्या निवृत्त होणार आहेत. भरपगारी रजा शिल्लक असूनही त्यांना सन्मानाने नोकरी पूर्ण करायची आहे, आणि ग्राहकांची अडचण होऊ नये म्हणून बँकेने त्यांच्यासाठी जादा काउंटर दिला आहे. हसणारे लोक हळहळू लागले. बाईंचं नाव तेव्हा सगळीकडे छापून आलं. मी ते इथे लिहीत नाही, कारण त्यांना न विचारता त्यांचा व्हिडिओ काढला गेला, इथूनच सगळी गडबड सुरू होते.

मला या दोन मजकुरांबद्दल बोलायचं आहे, कारण पनवेलमध्ये आमचा जो छोटा कथावाचनाचा गट आहे, तिथे येणाऱ्या कथांमध्ये हे दोन्ही मजकूर पुन्हा पुन्हा भेटतात. ऑफिसात एक काका असतात. पहिल्या प्रकारच्या कथेत ते एका बोटाने टाइप करतात, माऊस उचलून हवेत धरतात आणि सगळे हसतात. दुसऱ्या प्रकारात शेवटी कळतं की काकांची बायको आजारी आहे, आणि हसणाऱ्या मुलाच्या डोळ्यांत पाणी येतं.

दुसरी कथा जास्त माणुसकीची वाटते, पण तिच्यात एक अट लपलेली आहे. आजार होता म्हणून बाई सुटल्या. मग ज्याला काहीच आजार नाही, जो फक्त अठ्ठावन्न वर्षांचा आहे आणि नव्या सॉफ्टवेअरमध्ये अडखळतो, त्याच्यावर हसायला मोकळीक आहे का? आणि दोन्ही कथा एकच गोष्ट बघत नाहीत: समोरचा माणूस नेमकं काय काम करतोय.

कॅशियरचंच काम घ्या. संध्याकाळी हिशेब जुळवताना रक्कम कमी भरली, तर ती कॅशियरला स्वतःच्या खिशातून भरावी लागते. पाचशेची एक नोट जास्त गेली तरी त्याचेच पाचशे जातात. त्यामुळे नोटा दोनदा मोजणं आणि एंट्री करण्याआधी आकडा पुन्हा वाचणं, हे रांगेतून रेंगाळणं दिसतं, आतून ती स्वतःच्या पगाराची राखण असते. त्या व्हिडिओत हे दिसणं शक्यच नव्हतं, कारण कॅमेरा रांगेच्या बाजूला होता.

आता सॉफ्टवेअर. त्या वयाचे बरेच कर्मचारी लेजर आणि पितळी टोकनच्या काळात कामाला लागले. मग कोअर बँकिंग आलं. अनेक बँकांमध्ये फिनॅकल नावाची प्रणाली आहे. तिची सात नंबरची आवृत्ती जवळजवळ सगळी कीबोर्डवर चालायची. मेनूची छोटी नावं टाइप करायची: व्यवहारासाठी `TM`, खात्याचा उतारा बघायला `ACLI`. वर्षानुवर्षं हे केलेल्या माणसाची बोटं न बघता चालायची. मग मागच्या दशकात बँका दहा नंबरच्या आवृत्तीवर गेल्या. ती ब्राउझरमध्ये उघडते, माऊस लागतो आणि तीच नावं `HTM`, `HACLI` अशी झाली. नव्याने लागलेल्या मुलाला यात काही अडचण नाही, कारण त्याला विसरायचं काही नाही. जुन्या माणसाची बोटं मात्र आधी `TM` मारतात, मग थांबतात, मग खोडतात. त्याला एक कौशल्य येतं, तेच आडवं येतंय.

आमच्या गटात एका मुलाने बँकेतली कथा आणली होती. तिच्यातलं वाक्य साधारण असं होतं: काका गोंधळून स्क्रीनकडे बघत बसले, शेवटी रोहनने हसत माऊस घेतला आणि दोन सेकंदांत काम केलं. मी त्याला विचारलं, “काका नक्की काय शोधत होते?” त्याला सांगता येईना. “गोंधळून” या शब्दाने त्याचं काम भागवलं होतं. विनोद फसतोय हे अशा शब्दांवरून ओळखता येतं. गोंधळून, बावचळून, चाचपडत. लेखकाला जिथे पडदा दिसत नाही, तिथे हे शब्द येतात.

मग आम्ही तो प्रसंग पुन्हा लिहायला घेतला. महिन्याची सात तारीख, पगार झालेले, रांग दारापर्यंत. काका `TM` टाइप करतात, ते चालत नाही, ते खोडतात. रांगेतून कुणीतरी म्हणतं, “रिटायर व्हा आता.” रोहन येतो, “काका, सरका जरा,” म्हणतो आणि खुर्चीमागून हात घालून माऊस घेतो. आता एक गोष्ट जी आधीच्या मसुद्यात नव्हती: लॉगिन काकांचं आहे. रोहन जी एंट्री करेल ती काकांच्या नावावर नोंदली जाईल. आकडा चुकला तर जाब काकांना विचारला जाईल. म्हणूनच दुसऱ्याच्या आयडीवर काम करायला बँकेत मनाई असते. काकांना हे माहीत आहे, पण सगळी रांग बघत असताना “हात काढ” म्हणायचं त्यांना जमत नाही.

आता कथेत काहीतरी पणाला लागलं. रोहन दुष्ट नाही, त्याला वाटतंय आपण मदत करतोय. पण त्या दोन सेकंदांत त्याने काकांचं काम घेतलं आणि जोखीम काकांकडेच ठेवली. टोमणा मारणाऱ्या ग्राहकापेक्षा हा अपमान मोठा आहे, आणि तो लिहायला काकांना आजारी पाडावं लागत नाही.

याचा अर्थ काकांना संत करा असा नाही. त्यांनी ट्रेनिंगला दांडी मारली असेल, किंवा रोहनला पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर झापलं असेल, तर तेही येऊ द्या. रांगेतल्या माणसाचा वैतागही खोटा नाही, त्याची कदाचित अर्धी रजा जातेय. विनोदही चालेल. फक्त तो कुणावर आहे ते बघा. सवयीचं नाव एका रात्रीत बदललं आणि गर्दीच्या दिवशी सरावाला वेळ दिला नाही, यात भरपूर हसण्यासारखं आहे. एका बोटाने टाइप करण्यात फारसं नाही.

पुण्याच्या त्या व्हिडिओनंतर काहीच दिवसांत, 8 नोव्हेंबरला, नोटाबंदी झाली. व्हिडिओ बघून हसलेले कित्येक जण मग कॅशियरच्या खिडकीसमोर तासन्‌तास उभे होते, आणि आतला माणूस प्रत्येक नोट दोनदा मोजत होता. त्या रांगेवर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं. काचेच्या आतल्या बाजूने, हिशेब न जुळलेल्या संध्याकाळीबद्दल कुणी लिहिलं तर मला ते वाचायचं आहे.