तक्त्यातला दर्शक आणि आलेखातला दर्शक

‘तीव्र आम्ल व सौम्य आम्लारी : मिथिल ऑरेंज.’ अकरावी-बारावीच्या प्रयोगवह्यांत ही ओळ एका छोट्या तक्त्यात हमखास सापडते. विद्यार्थी ती पाठ करतो, तोंडी परीक्षेत सांगतो आणि गुण मिळवतो. आमचा आक्षेप या ओळीवर आहे. ती सरसकट खोटी नाही, पण जे ठरवायचे ते ती ठरवत नाही. दर्शक आम्लारीच्या जातीवरून निवडायचा नसतो. अनुमापनाच्या आलेखात सामू कोठून कोठे उडी घेतो, ते पाहून निवडायचा असतो. सौम्य आम्लारी अनेक आहेत आणि त्यांच्या उड्या सारख्या नाहीत.

आधी पुस्तकातलेच उदाहरण घेऊ. चंचुपात्रात ०.१ मोलर अमोनियाचे २५ मिली द्रावण आहे आणि ब्युरेटमध्ये ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल. सुरुवातीला सामू सुमारे ११.१ असतो. साडेबारा मिली आम्ल पडले की निम्म्या अमोनियाचे अमोनियम झालेले असते आणि सामू ९.२५ वर येतो. यापुढचे आकडे फळ्यावर काढता येतात. उरलेल्या अमोनियाला तयार झालेल्या अमोनियमने भागायचे, त्याचा लॉगॅरिथम घ्यायचा आणि तो ९.२५ मध्ये मिळवायचा. २४ मिलीला उत्तर ७.९ येते, २४.९ मिलीला ६.८५. समतुल्य बिंदूवर, म्हणजे बरोबर २५ मिलीला, पात्रात फक्त अमोनियम क्लोराइड असते आणि सामू ५.३ असतो. २५.१ मिलीला जास्तीच्या आम्लामुळे तो ३.७ होतो.

म्हणजे शेवटच्या चार थेंबांत सामू ६.८५ वरून ३.७ वर उतरतो. ज्याचा रंगबदल या पट्ट्यात बसेल तो दर्शक चालेल. मिथिल रेडचा पट्टा ४.४ ते ६.२ आहे. तो या उडीच्या पोटात बसतो आणि ५.३ च्या दोन्ही बाजूंना पसरतो. मिथिल ऑरेंजचा पट्टा ३.१ ते ४.४. तो उडीच्या तळाशी अडकतो. सामू ४ ला थांबलो तर एक थेंब जास्त पडतो, चूक फार तर ०.२ टक्के. शाळेच्या कामाला तेवढी चालते, म्हणूनच तक्त्यातली ओळ इतकी वर्षे टिकली.

फिनॉल्फ्थॅलिन का नको, हे ‘समतुल्य बिंदू आम्लधर्मी असतो’ एवढ्या वाक्यावर सोडून देतात. आलेख ते दाखवून देतो. फिनॉल्फ्थॅलिनचा गुलाबी रंग सामू १० पासून फिका पडू लागतो आणि ८.३ ला नाहीसा होतो. आपल्या आलेखावर सामू १० म्हणजे ३.८ मिली आणि ८.३ म्हणजे २२.५ मिली. रंग तब्बल १९ मिलीभर हळूहळू विरत जातो. नेमके कोठे थांबावे हे कोणालाच सांगता येणार नाही, आणि अगदी रंगहीन झाल्यावर थांबले तरी उत्तर दहा टक्के कमी येईल. रंग रेंगाळत बदलत असेल तर दर्शक चुकला, ही खूण विद्यार्थ्याने एकदा तरी स्वतः पाहावी. आमच्या मते चुकीच्या दर्शकाचा प्रयोग मुद्दाम करून घ्यायला हवा.

आता दोन्ही द्रावणे दसपट पातळ करू. २४.९ मिलीला सामू तोच, ६.८५. पण २५.१ मिलीला तो आता ३.७ नसून ४.७ असतो. उडी खालच्या बाजूने आखडली. मिथिल ऑरेंजवर सामू ४ ला थांबायचे तर अर्धा मिली आम्ल जास्त जाईल, म्हणजे दोन टक्के चूक. मिथिल रेड मात्र अजून बरोबर उत्तर देतो. आम्लारी तीच, आम्ल तेच, तक्त्यातली ओळही तीच. फक्त द्रावण पातळ झाले आणि ओळ नापास झाली.

मग ओळ बदलून ‘मिथिल रेड’ लिहावे का? तसे लिहिण्यापूर्वी बुलडाणा जिल्ह्यातल्या सोनाळ्याला जाऊ. संग्रामपूर तालुक्यातले हे गाव सातपुड्याच्या पायथ्याशी आहे, आणि त्याच्या दक्षिणेला पूर्णेचा खारपाणपट्टा पसरला आहे. तिथल्या शिक्षकाला विद्यार्थ्यांकडून विहिरीच्या पाण्याची अल्कता मोजून घ्यावीशी वाटणे स्वाभाविक आहे. पाण्यातली अल्कता मुख्यतः बायकार्बोनेटची असते. बायकार्बोनेट हीसुद्धा सौम्य आम्लारीच, अमोनियापेक्षा बरीच सौम्य. तक्त्याच्या लेखी दोन्ही प्रयोग एकच.

समजा, पाण्याची अल्कता कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. १०० मिली पाण्याला ०.०२ नॉर्मल आम्ल बरोबर ५० मिली लागेल. आम्ल घालताना बायकार्बोनेटचा कार्बन डायऑक्साइड होतो. तो पाण्यातच विरघळलेला राहिला तर ४५ मिलीला सामू ५.४, ४९ मिलीला ४.७, ५० मिलीला ४.३ आणि ५१ मिलीला ३.८ असतो. अमोनियात चार थेंबांत तीन एककांची उडी होती. इथे दोन मिलीत एक एककही नाही. ही उडी नव्हे, उतार आहे.

या उतारावर मिथिल रेड टाकला तर त्याचा रंग सामू ६.२ ला, म्हणजे २९ मिलीलाच, बदलू लागतो. तिथेच थांबणारा उतावळा विद्यार्थी ५०० च्या जागी २९० लिहील. मधल्या रंगाला, सामू ५.२ ला, थांबणाराही सात टक्के कमी लिहील. सात टक्के क्षुल्लक वाटतात. पण पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात अल्कतेची इष्ट मर्यादा २०० आणि दुसरा स्रोत नसल्यास चालवून घ्यायची मर्यादा ६०० मिलिग्रॅम आहे. खरी अल्कता ६४० असलेली विहीर या मिथिल रेडने ५९८ दाखवील आणि मर्यादेत बसेल.

इथे मिथिल ऑरेंजच बरा, पण एका अटीवर. समतुल्य बिंदू ४.३ ला आहे, म्हणजे त्याच्या पट्ट्याच्या पिवळ्या टोकाजवळ. म्हणून लाल रंगाची वाट न पाहता पिवळ्यात नारिंगी झाक प्रथम दिसताच थांबायचे. शेजारच्या पात्रात उकळून गार केलेले ऊर्ध्वपातित पाणी घेऊन त्यात दर्शकाचे तेवढेच थेंब टाकावेत आणि त्या पिवळ्याशी तुलना करावी. ३.८ ते ५.४ पट्ट्याचा ब्रोमोक्रेसॉल ग्रीन मिळाला तर डोळ्याला अधिक सोपा.

आणखी एक वाट आहे. मिथिल रेड नारिंगी झाला की पात्र दोन मिनिटे उकळावे. कार्बन डायऑक्साइड निघून जातो, सामू चढतो आणि रंग पुन्हा पिवळा होतो. गार करून थेंब थेंब आम्ल घालावे, पुन्हा उकळावे. उकळूनही रंग परतला नाही की अंतिम बिंदू आला. सामू रोखून धरणारा कार्बन डायऑक्साइड हटला, त्यामुळे उताराची पुन्हा उडी झाली आणि मघाशी नापास झालेला मिथिल रेड पास झाला. वर्गात हा परतणारा पिवळा रंग जरूर दाखवावा.

ॲनिलीनचा आलेख काढला तर त्या तक्त्याची मर्यादा आणखी दिसते. तीही सौम्य आम्लारी, पण इतकी सौम्य की ०.१ मोलर द्रावणाचा समतुल्य बिंदू सामू ३ च्या आसपास येतो आणि पाण्यात उडी दिसतच नाही. तिथे कोणताही दर्शक उपयोगाचा नाही. रसायनतज्ज्ञ मग पाणी सोडून ग्लेशियल ॲसेटिक आम्लात पर्क्लोरिक आम्लाने अनुमापन करतात आणि दर्शक म्हणून क्रिस्टल व्हायोलेट घेतात.